भाकरी फुगते तिथूनच रील सुरू होतं

सोलापुरात माझ्या मावशीचं भाकरी केंद्र आहे. तिचे छोटे व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे असतं. यूट्यूब शॉर्ट्सच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याचा आलेख दिसतो. आमच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत ती रेघ भाकरी फुगेपर्यंत बऱ्यापैकी सपाट जायची आणि फुगली की कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची. त्यानंतरचे दोन-तीन सेकंद, म्हणजे मावशीचं ‘धन्यवाद’ आणि केंद्राच्या नाव-नंबराची पाटी, फारसं कुणी बघतच नव्हतं. आणि त्यात लोकांचं काय चुकलं? भाकरी फुगलेली पाहिली, काम झालं, अंगठा वर.

म्हणजे शेवटपर्यंत बघणारे वाढवायचे तर शेवट आलाय हेच कळू द्यायचं नाही. रील आणि शॉर्ट संपलं की आपोआप पहिल्यापासून सुरू होतं. तो जोड लपला तर माणूस दुसऱ्या फेरीत कधी शिरला हे त्याचं त्यालाही कळत नाही.

आधी मी सगळे जण करतात तेच केलं. पहिली आणि शेवटची चौकट सारखी दिसेल असं चित्रीकरण, म्हणजे सुरुवातीला रिकामा तवा आणि शेवटीही रिकामा तवा. यात दोन अडचणी येतात. एक तर रिकामा तवा बघायला कुणी थांबत नाही. दुसरी म्हणजे दोन वेळा घेतलेली चित्रं तंतोतंत जुळत नाहीत. मधल्या वेळात तव्यावर पीठ करपलेलं असतं, वाफ धरलेली असते, खिडकीतला उजेड सरकलेला असतो. डोळ्याला तो झटका लगेच कळतो.

मग उलटा विचार केला. जिथं जोड दिसायला नको, तिथं मुळात कापच नसावा. एकाच सलग चित्रीकरणाचे मधून दोन तुकडे करायचे. नंतरचा तुकडा व्हिडिओच्या सुरुवातीला लावायचा आणि आधीचा शेवटाला. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो तेव्हा त्या दोन चौकटी मुळात एकामागोमागच्याच असतात, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. खरा काप सरकून मध्ये येतो, आणि मध्ये काप असणं लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

कुठं कापायचं हे ठरवण्यात खरा वेळ गेला. मावशी तव्यावरची भाकरी उचलून थेट आचेवर टाकते, चिमट्याने फिरवते आणि ती टम्म फुगते. भाकरी आचेवर टेकते त्या क्षणी चिमटा बर्नरच्या जाळीला लागून ‘टण्’ वाजतो. मी नेमका तिथं काप घेतला. तेरा सेकंदांचा व्हिडिओ असा बसला: पहिल्याच क्षणी ‘टण्’, दोन सेकंदांत भाकरी फुगलेली. मग काप. परातीत मळलेला गोळा, पाच-सहा सेकंद थापणं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलथणं. शेवटच्या सेकंदात भाकरी उचलून आचेकडे निघालेली, आणि तिथं व्हिडिओ संपतो. बघणाऱ्याला ती फुगायला हवी असते, आणि ती फुगते दुसऱ्या फेरीच्या पहिल्या क्षणी.

मावशीला हे पटेना. ‘अरे, भाकरी फुगायच्या आधीच बंद करतोस होय? लोक म्हणतील हिला जमतच नाही.’ मग मोबाइल तिच्या हातात दिला आणि गप्प बसलो. ती बघत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘हे संपतंय कधी?’

आवाजाचं गणित वेगळं आहे. चित्र जुळलं तरी फेरी बदलताना आवाजात बारीकशी फट पडू शकते, कारण व्हिडिओतला आवाज छोट्या-छोट्या ठोकळ्यांत साठवतात आणि सुरुवातीला व शेवटाला थोडी शांतता भरली जाऊ शकते. ही फट सेकंदाच्या काही शतांशाचीच असते, पण गॅसच्या सलग फरफर आवाजात ती ऐकू येते. ‘टण्’वर काप घेण्याचं दुसरं कारण हेच. ठोक्यापाशी फट पडली तर ती त्या ठोक्यातच झाकली जाते. एडिटिंग अ‍ॅपमध्ये आवाज शेवटी हळूहळू कमी करायची सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर प्रत्येक फेरीला स्वयंपाकघर श्वास सोडून पुन्हा घेतंय असं वाटतं. अ‍ॅप शेवटी आपली खूण चिकटवत असेल तर तीही उडवा.

मावशी बोलते त्या व्हिडिओतही हीच युक्ती चालते. वाक्य संपताना आपला सूर खाली येतो आणि ऐकणाऱ्याला शेवट कळतो. म्हणून शेवटचं आणि पहिलं वाक्य मी तिच्याकडून एका दमात म्हणवून घेतो: ‘पीठ गार पाण्यात मळलं ना, तर थापताना भाकरीला चिरा पडतात.’ मग ‘मळलं ना’च्या पुढे कापायचं. व्हिडिओ ‘तर थापताना भाकरीला चिरा पडतात’ इथून सुरू होतो, मध्ये ती उकळतं पाणी का घ्यायचं ते सांगते आणि शेवटी येतं ‘पीठ गार पाण्यात मळलं ना...’ सूर वरच राहिलेला असतो. ‘तर’ने होणारी सुरुवात जरा अर्धवट वाटते, पण एवढं चालतं. तिच्याकडून हे वेगवेगळं बोलवून जोडायला गेलात तर सूर जुळणार नाही.

चित्रीकरणात सांभाळायचं ते एवढंच: मोबाइल स्टँडवर आणि फोकस-उजेड लॉक केलेला. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये ते होतं. नाहीतर आच दिसताच कॅमेरा उजेड कमी करतो आणि मधला काप खटकतो. जोड तपासायला एडिटिंग अ‍ॅपमध्ये तोच व्हिडिओ एकामागे एक दोनदा लावा आणि फक्त सांधा बघा. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. एखादी चौकट दोन्ही तुकड्यांत आली असेल तर हात क्षणभर अडखळल्यासारखा दिसतो. एका बाजूची ती चौकट काढली की झालं.

नंबराची पाटी आता थापण्याच्या वेळी वर कोपऱ्यात येते, हात मोकळे चालत असताना. प्रोफाइलमध्ये नंबर आहेच.

आकडे वाचताना मात्र जपून. सरासरी किती टक्के पाहिलं हा आकडा शंभराच्या वर गेला तर लोक पुन्हा बघतायत एवढं नक्की. तेरा सेकंदांचा व्हिडिओ सरासरी सोळा-सतरा सेकंद पाहिला गेला तर तो सव्वाशेच्या आसपास जातो. पण 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्समध्ये प्रत्येक वेळी व्हिडिओ सुरू झाला की एक व्ह्यू धरला जातो, पुन्हा सुरू झाला तरी. त्यामुळे फिरत्या व्हिडिओचे व्ह्यूज फुगलेले दिसतात. मी एंगेज्ड व्ह्यूज, म्हणजे सुरुवातीच्या क्षणांपुढेही कुणी बघत राहिलं असे व्ह्यूज, बघतो, आणि किती लोक थांबले व किती सरकवून गेले तेही. सरकवून जाणाऱ्यांवर या जोडाचा काही उपयोग नाही, ते पहिल्या क्षणातच ठरतं. आमच्याकडे तिथं फरक पडला असेल तर तो फुगणारी भाकरी आधी आल्याचा.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हा व्हिडिओ टाकू नका. तिथं तो पुन्हा फिरत नाही, पुढचं स्टेटस सुरू होतं, आणि भाकरी हवेतच राहते. मावशीच्या बऱ्याच ऑर्डरी स्टेटसवरूनच येतात, म्हणून तिथल्यासाठी मी तेच तुकडे मूळ क्रमाने लावतो: आधी थापणं, शेवटी फुगणं, वर नंबर. तो व्हिडिओ मावशीला जास्त आवडतो.