पावसात परत येणारा वास, आणि रुईकर कॉलनीतली डॉली

जुलैत कोल्हापुरात पाऊस लागला की आमच्या सोफा-क्लीनिंगच्या धंद्यात एकच तक्रार जास्त येते. उन्हाळ्यात घर चांगलं होतं, आता परत कुत्र्याचा वास मारतोय. रुईकर कॉलनीतल्या एका काकूंचा फोन आला तो पण तसाच, फक्त शेवटी त्या म्हणाल्या, "दादा, आता ह्यातनं पण गेलं नाही तर डॉलीला गावाकडं पाठवायचं ठरलंय, ह्यांनी तर तिला गॅलरीत बांधलंयच." डॉली म्हणजे त्यांची अकरा वर्षांची लॅब्रेडोर.

आत पाय टाकला तर पहिला वास आला तो फिनेलचा, त्याच्यामागं रूम फ्रेशनरचा, आणि त्या दोन्हीच्या खालून तो डोळ्याला झोंबणारा मुताचा. काकूंनी खरंच लई केलं होतं. सोफ्यावर शाम्पू, गालिच्यावर फिनेलचं पाणी, बेकिंग सोडा टाकून व्हॅक्युम, वर कुणाकडून तरी स्टीम मारून घेतलेली. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस बरं वाटायचं आणि ढग आले की परत.

हे असं का होतं ते मी त्यांना आधी समजावून सांगितलं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काम बघताना माणसाला वाटतं हा उगाच वेळ काढतोय. मूत ताजं असताना फारसा वास नसतो. त्यात युरिया असतो, तो जंतू फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो, तो झोंबणारा वास. पाणी उडून जातं पण क्षार फोममध्येच वाळून बसतात, आणि हे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. म्हणजे एप्रिलमध्ये हवा कोरडी म्हणून सगळं गप्प, आणि जुलैत तेच क्षार ओले होऊन जंतू परत कामाला लागतात. नवीन कुणी मुतलेलं नसतं, जुनंच परत जागं होतं. म्हणून वरवर पुसून, वरनं सुगंध मारून हे जात नाही.

मग पडदे ओढून हॉल अंधारा केला आणि यूव्ही टॉर्च लावला. मुताचे डाग त्यात फिक्कट पिवळे-हिरवट दिसतात. पण इथं एक सांभाळायचं, कपड्याच्या पावडरीचा अंश राहिला असेल तर तो पण चमकतो, तो निळसर पांढरा. काकूंच्या सोफ्यावर शाम्पूमुळं जवळजवळ सगळंच निळसर दिसत होतं. त्यामुळं टॉर्चवर न थांबता संशय येईल तिथं कोमट पाणी स्प्रे करायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नाक लावायचं. पाण्यानं क्षार जागे झाले की जागा लगेच कळते. किळसवाणं वाटेल पण ह्यापेक्षा पक्की तपासणी मला अजून माहीत नाही.

आणि इथंच मला वेगळं दिसलं. कुत्रं हद्द आखायला मुततं तेव्हा डाग उभ्या भागावर असतात, सोफ्याच्या कोपऱ्यावर, पायाजवळ, पडद्याच्या खालच्या कडेला. इथं एकही डाग उभा नव्हता. सगळे आडवे, गोल, आणि फक्त जिथं डॉली झोपते तिथं. एल-सोफ्याची कोपऱ्यातली गादी, गालिच्याचा खिडकीकडचा भाग आणि तिची स्वतःची गोधडी. मी काकूंना विचारलं, ही उठल्यावर मागचं अंग ओलं असतं का? म्हणाल्या हो, आम्हाला वाटायचं पाणी पिऊन त्यात बसते. नसबंदी झालीय का? झालीय, लहानपणीच.

नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्रींना वय झालं की झोपेत गळती होते, हे बऱ्यापैकी कॉमन आहे, मी खूप घरांत बघितलंय. ती मुद्दाम करत नव्हती, तिला कळतच नव्हतं. मी डॉक्टर नाही, म्हणून एवढंच सांगितलं की आधी व्हेटकडं न्या आणि लघवी तपासून घ्या, कारण इन्फेक्शन किंवा शुगर असली तरी असंच दिसतं. काकांनी उठून गॅलरीचं दार उघडलं आणि तिला आत घेतलं. काही बोलले नाहीत.

आता मूळ काम. सगळ्यात आधी काकूंना एक प्रयोग दाखवला, मी हा बहुतेक घरात दाखवतो. फोमचा एक जुना तुकडा, त्यावर कपभर रंगीत पाणी ओतलं आणि मधोमध कापला. वर तळहाताएवढा डाग, खाली जेवणाच्या ताटाएवढा. स्प्रे मारून आणि फडक्यानं पुसून फक्त तो तळहात साफ होतो, खालचं ताट तसंच राहतं. त्यामुळं नियम साधा आहे, औषध मुताएवढंच खोल आणि मुताएवढंच रुंद गेलं पाहिजे.

कोपऱ्यातल्या गादीचं कव्हर काढलं, फोम बाथरूममध्ये नेला आणि नुसत्या थंड पाण्यानं दाबून दाबून धुतला. फेस आणि फिनेलचा वास संपेपर्यंत. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात एन्झाइमचं लिक्विड फालतू आहे. एन्झाइम क्लीनरच्या बाटलीत बऱ्याचदा जिवंत जंतू असतात, ते मुतातली घाण खातात. फिनेल, ब्लीच, डेटॉल हे सगळं जंतू मारायलाच बनवलेलं, मग आधीचा अंश राहिला तर तुमचं महागाचं लिक्विड पण मरणारच की. गरम पाणी पण नको, जास्त उष्णतेनं एन्झाइम निकामी होतात, शिवाय मुतातली प्रथिनं धाग्याला धरून बसतात. म्हणून मुताच्या डागावर पहिल्यांदा स्टीम मारणं मला बिलकुल पटत नाही. आणि ब्लीच तर नकोच. मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, बंद हॉलमध्ये छातीला लागतो.

पाणी पिळून काढल्यावर एन्झाइम ओतलं, स्प्रे नाही, ओतलं, एका गादीला साधारण दीड लिटर, खालचा थर ओला होईपर्यंत. मग प्लास्टिकच्या शीटमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवलं. हे वाळलं की काम थांबतं, दहा मिनिटांनी पुसून टाकलं तर काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी परत साध्या पाण्यानं धुवून मशीननं ओढून घेतलं. मशीनच्या टाकीत आलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्या घरात आधी दोनदा शाम्पू झालेला असताना.

गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा होता म्हणून सोपं गेलं, तो आम्ही शेडवर नेला आणि मागच्या बाजूनं पण भिजवला, कारण मूत तिथंच जास्त साठलं होतं. लोकरीचा असता तर मी एवढा वेळ ओला ठेवला नसता. कडेला थोडा पिवळा डाग उरला त्याला सगळं झाल्यावर पेरॉक्साइड लावलं. मेडिकलमध्ये मिळतं ते बऱ्याचदा 6 टक्क्यांचं असतं, तेवढंच पाणी घालून 3 टक्के करायचं, आधी मागं कोपऱ्यात रंग जातो का बघायचं आणि लोकर-रेशमाला लावायचंच नाही. एन्झाइमबरोबर मिसळायचं नाही, ते पण जंतू मारतं.

व्हिनेगरचं सगळे विचारतात. निम्मं पाणी घालून लावलं तर अमोनिया मारतं, वास लगेच कमी होतो हे खरं आहे, पण क्षार तिथंच राहतात. ताज्या डागाला आधी जुन्या टॉवेलनं दाबून जेवढं निघतं तेवढं ओढा आणि मग थंड पाणी, हे व्हिनेगरपेक्षा जास्त कामाचं. बेकिंग सोडा कोरड्या गालिच्याच्या वरच्या वासाला ठीक, फोमच्या आतल्याला नाही.

आणि एक दुसराच वास त्या सोफ्यात होता जो काकूंना मुताचाच वाटत होता. सोफ्याच्या हातांना बोट लावलं तर चिकट लागत होतं. डॉली फिरून भिजून यायची आणि तिथं अंग घासायची. ओल्या कुत्र्याचा वास म्हणजे अंगावरचं तेल आणि त्यावर वाढणारे जंतू, पाणी लागलं की त्यांचे वास हवेत सुटतात. आंबट, कुबट असतो, अमोनियासारखा झोंबत नाही, तेवढ्यावरून ओळखता येतं. त्याला मुतावरचं एन्झाइम लावून उपयोग नाही, तेल काढायला पाहिजे. म्हणून हातांना मात्र गरम पाणी आणि सोफ्याचा सौम्य डिटर्जंट वापरला, मशीननं ओढलं, आणि शेवटी लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाकून धुतलं म्हणजे साबण मागं राहात नाही. साबण राहिला की त्यावर धूळ आणि तेल परत चिकटतं.

वाळवणं हा पावसाळ्यातला सगळ्यात अवघड भाग. बाहेरच धबधबा, खिडकी उघडून काय होणार, उलट दमट हवा आत येते. खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, दोन पंखे गाद्या उभ्या करून त्यांच्या कडेवर, आणि गाद्या मध्येमध्ये फिरवायच्या. चोवीस तासांत आतून कोरडं झालं नाही तर बुरशीचा तिसरा वास तयार होतो.

सगळं कोरडं झाल्यावर परत कोमट पाण्याचा स्प्रे आणि नाक. गालिचा पास, हात पास, बाकीच्या गाद्या पास. कोपऱ्यातली गादी नापास. बराच कमी झाला होता पण होता. मी सरळ सांगितलं की हा फोम टाकून द्या, वर्षभर रोज मुरलेलं पाच इंच जाडीतनं पूर्ण निघत नाही, अजून चार वेळा एन्झाइम ओतायला पैसे घेणं मला बरोबर वाटत नाही. लक्ष्मीपुरीतनं नवीन फोम कापून आणला. पण नुसता फोम बदलून भागलं नसतं, कारण खालच्या प्लायवर पण डाग होता, आणि लाकडातनं वास वर येतोच. प्लाय धुवून, पूर्ण वाळवून त्याच्यावर लाखेचं स्पिरिट पॉलिश मारलं, दोन हात. लाख वास आत कोंडून ठेवते, साधा पेंट तेवढा ठेवत नाही. नवीन फोमला आत वॉटरप्रूफ कव्हर, वर जुनंच धुतलेलं कापड.

व्हेटनं डॉलीला गोळ्या चालू केल्या, गळती बरीच थांबलीय असं काकू म्हणाल्या. ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा सगळं शहर दमट झालेलं, मी मुद्दाम फोन करून विचारलं. सोफा ठीक होता. खिडकीजवळ फरशीच्या सांध्यातनं मात्र अजून थोडा येत होता. सिमेंटचा सांधा पण मूत पितो. तिथं गालिचा उचलून सांध्यात एन्झाइम भरलं, वर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवलं, आणि वाळल्यावर सीलर भरून घेतला.