उजवा अंगठा आधी

आमचा कुस्तीचा गेम आहे. डाव्या अंगठ्याखाली पडद्यावरची जॉयस्टिक, उजव्याखाली ‘डाव’ बटण. बटण दाबून धरलं की ताकद भरत जाते, सोडलं की डाव पडतो. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात तो सुरळीत चालायचा. बाहेरून मात्र एकच तक्रार परत परत यायची: पैलवान मध्येच सुसाट सुटतो आणि हौद्याच्या उजव्या कडेला जाऊन आदळतो.

मालकांचं निदान ठरलेलं असतं. “स्वस्तातला फोन असणार, नाहीतर स्क्रीनगार्ड.” टेस्टिंगवाल्यानं शेरा मारला, ‘आढळले नाही’. या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘शोधले नाही’ असा असतो, पण ते असो.

शेवटी ज्याला हे रोज होत होतं, त्यालाच बोलावलं. सहकाऱ्याचा भाचा, शिवाजी पेठेतला, नववीतला. त्याच्याच फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केलं. त्यात प्रत्येक बोटाची रेघ पडद्यावर उमटते आणि वरच्या पट्टीत किती बोटं टेकलीत ते दिसतं. त्यानं दोन्ही अंगठे टेकले, वर `P: 2 / 2` आलं. दोन्ही रेघा सलग, कुठे तुटलेल्या नाहीत. म्हणजे फोनला दोन्ही बोटं व्यवस्थित कळत होती. स्क्रीनगार्ड सुटला, घोळ आमच्याकडेच होता.

मग मी गेमकडे बघायचं सोडून त्याच्या हातांकडे बघत बसलो. तो उजवा अंगठा आधी टेकवत होता. ताकद भरायला घ्यायची आणि मग डाव्यानं चालायला लागायचं. आमच्या ऑफिसात सगळे आधी चालतात, मग डाव टाकतात. आमच्यापैकी कुणी उलट करून बघितलंच नव्हतं. एम्युलेटरवर तर माउस एकच, तिथे हे कुठून दिसणार?

अँड्रॉइडमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक बोटाला दोन आकडे असतात. इंडेक्स म्हणजे यादीतली सध्याची जागा. ती बोटं उठतील-टेकतील तशी बदलते. आयडी मात्र बोट टेकल्यापासून उचलेपर्यंत तोच राहतो. बोटं सरकली की येणाऱ्या `ACTION_MOVE` मध्ये सगळ्या बोटांच्या जागा एकत्र येतात, आणि नुसतं `event.x` मागितलं तर शून्य इंडेक्सवालं बोट मिळतं. आधीच्या प्रोग्रॅमरनं (आता पुण्याला असतो, सुखात असावा) जॉयस्टिकला तेच जोडलं होतं. डावा अंगठा आधी टेकला तर शून्यावर डावा, सगळं बरोबर. उजवा आधी टेकला तर शून्यावर उजवा, आणि जॉयस्टिक डाव बटणावरच्या अंगठ्याच्या मागे धावायची. `event.actionIndex` वापरूनही सुटका नाही, कारण `ACTION_MOVE` मध्ये तो कायम शून्यच येतो.

दुरुस्ती छोटी आहे. बोट टेकताना ते जॉयस्टिकच्या भागात असेल तरच त्याचा आयडी लक्षात ठेवायचा, आणि पुढे त्याच आयडीचं बोट शोधायचं:

```
val i = event.findPointerIndex(stickId)
if (i >= 0) moveStick(event.getX(i), event.getY(i))
```

शिवाय ते बोट उठलं किंवा `ACTION_CANCEL` आलं की `stickId` परत -1. हे राहिलं तर अंगठा काढल्यावरही पैलवान चालतच राहतो.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकली होती. दिशा चुकली हे कळलं, पण एवढा वेग कुठून येत होता? जॉयस्टिकची गोल घुंडी वर्तुळाबाहेर जात नव्हती. कोड बघितला तर मर्यादा फक्त घुंडीच्या चित्राला होती. वेग मात्र केंद्रापासूनचं अंतर भागिले त्रिज्या असा सरळ काढला होता. पोराच्या फोनवर जॉयस्टिकचं केंद्र 250 पिक्सेलवर, बटण 1350 वर, त्रिज्या 200. म्हणजे 1100 भागिले 200, साडेपाच पट वेग! मी भागाकार 1 च्या वर जाणार नाही असं केलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्यानं तीन कुस्त्या खेळल्या. तिन्ही हरला.

“दादा, आता त्यो पळतच न्हाई की.”

“पळायचा तीच तर तक्रार होती ना रे?”

“तक्रार मामाची. मी त्याच्यावरच जिंकत हुतो.”

तेव्हा कुठे उलगडलं. समोरचा पैलवान सुरुवातीला उजवीकडे उभा असतो. हा पोरगा उजवा अंगठा आधी टेकवून मुद्दाम त्याच्यावर जाऊन धडकायचा, आणि तोवर भरलेल्या ताकदीनं डाव सोडायचा. पेठेतल्या मित्रांनाही त्यानं हे शिकवलं होतं.

मालकांनी हे ऐकलं आणि खूश झाले. त्यांना आता ‘धडक’ नावाची वेगळी युक्ती हवीय, साडेपाच पटीचीच. माझं म्हणणं, ठेवायचीच तर पट ठरवून ठेवा. जुना आकडा फोनच्या रुंदीवर आणि बटणाच्या जागेवर ठरत होता, मोठा पडदा असलेल्याला फुकटचा फायदा. शिवाय ती फक्त उजवीकडेच लागायची. सध्या गेम धडकेविना गेलाय आणि पेठेतली पोरं जुनीच आवृत्ती धरून बसलीत, अपडेट घेत नाहीत.