घड्याळाऐवजी पंखा

मी पैसे घेऊन कोडी रचते. खजिनाशोधाचे खेळ, वाढदिवसाचे माग, कार्यालयांच्या स्नेहमेळाव्यांतील शोधयात्रा असे काम माझ्याकडे येते. त्यातला सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे आवडत्या व्यक्तीसाठी मागवलेला माग. अशा कामात ग्राहकाला स्वतःविषयी पुष्कळ सांगायचे असते आणि कोडे सोडवणाऱ्या व्यक्तीविषयी त्याला फारच थोडे ठाऊक असते. म्हणून होकार देण्यापूर्वी मी काही प्रश्न विचारतेच. तिने तुम्हांला तिचा क्रमांक स्वतःहून दिला आहे का? ती आपणहून संदेश पाठवते का? तिने मधेच खेळ सोडला तर तुम्ही तो विषय तिथेच संपवाल का? या तिन्हींची उत्तरे न अडखळता मिळाली, तरच मी पुढे जाते.

ज्या प्रकरणाविषयी लिहिते आहे, त्यातला तरुण या प्रश्नांना न अडखळता उतरला होता. दोघांची ओळख एका ग्रंथालयात झाली होती, संदेशांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती, आणि तिला बऱ्याच काळापासून हवी असलेली, आता छापली न जाणारी एक कादंबरी त्याने जुन्या पुस्तकांतून शोधून काढली होती. ते पुस्तक तिला मागाच्या शेवटी मिळावे आणि त्याच्या मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर ‘परत करण्याची तारीख’ या रकान्याऐवजी ‘भेटण्याची तारीख’ असा रिकामा रकाना असावा, ही कल्पना त्याचीच होती. मला ती ऐकताक्षणी आवडली, कारण तो रकाना भरायचा की कोरा ठेवायचा हे सर्वस्वी तिच्या हाती राहत होते.

माग नेहमी शेवटाकडून रचावा लागतो. आधी वस्तू कुठे राहील ते ठरते, मग तिथे नेणारे कोडे, मग त्याच्या आधीचे. ग्रंथपाल बाईंची परवानगी घेऊन आम्ही कार्डसूचीचे जुने, आता वापरात नसलेले कपाट निवडले. त्याचे खण अक्षरांप्रमाणे लावलेले आहेत आणि ते सहसा कोणी उघडत नाही. बाकीची कोडी कागदावर न ठेवता फोनवरच पाठवायची, आणि तिने योग्य शब्द उलट कळवला की मगच पुढचे सोडायचे, असे ठरले. ठेवलेले कागद झाडणारा उचलतो, वारा उडवतो, नाहीतर भलताच वाचक खिशात घालतो. संदेशाला यातले काहीच होत नाही, शिवाय प्रत्येक टप्प्यावर तिचा सूर कळतो. तो सूर कळणे हाच या प्रकारच्या मागाचा प्राण आहे.

पहिले कोडे मी मुद्दाम सोपे ठेवते, कारण त्यातून कोड्यापेक्षा आमंत्रण पोहोचायचे असते.

“पहाटे जन्मतो, रात्री रद्दी होतो,
जगाची खडान्‌खडा खबर देतो;
पण ती आज येणार की नाही,
एवढं मात्र छापत नाही.
तिथल्या पाटीवरचा पहिला शब्द कळव.”

वर्तमानपत्रांच्या स्टँडवर ‘वाचून झाल्यावर जागेवर ठेवावे’ अशी पाटी आहे. “वाचून” हे उत्तर जवळजवळ लगेच आले. पडताळ्याचा शब्द असा जागेवर मुळातच लिहिलेला असावा, म्हणजे वेगळे काही चिकटवावे लागत नाही. फक्त आदल्या दिवशी जाऊन ती पाटी अजून तिथेच आहे ना, हे पाहून यावे लागते.

दुसरे कोडे माझ्या विशेष आवडीचे. त्या ग्रंथालयात ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तके लावलेली आहेत आणि त्या पद्धतीत 551.5 हा हवामानशास्त्राचा क्रमांक आहे, तर 552 हा खडकांचा.

“तुझ्या मनात ऊन आहे की ढग, हे सांगणारं पुस्तक अजून निघालेलं नाही. तोवर 551.5 वर समाधान मान. आणि तू शेजारी येऊन बसलीस की माझं जे होतं, ते तिथे जवळच 552 वर सापडेल. एका शब्दात कळव.”

उत्तर आले, “दगड. पण दगड एवढे संदेश पाठवत नाहीत.” आम्ही दोघे वरच्या मजल्यावरच्या बंद दालनात बसलो होतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. मलाही मनापासून बरे वाटले, कारण इतके नेमके उलट उत्तर देणारी व्यक्ती केवळ उपचार म्हणून खेळत नसते.

तिसरे कोडे सर्वांत अवघड असावे आणि शेवटचे सर्वांत सोपे, असा माझा नेम आहे, कारण शेवटाजवळ पोहोचलेल्या माणसाला अडवण्यात काही गंमत नसते. तिसऱ्याचे उत्तर होते वाचनकक्षातले भिंतीवरचे घड्याळ.

“काटे आहेत, गुलाब नाही;
फेऱ्या सुरू, पाऊल नाही;
तू असताना थांबत नाही,
तू नसताना हलत नाही.
बरोबर खाली काय लिहिलंय ते कळव.”

मराठीत कोडे रचताना क्रियापद लिंग उघडे करते. ‘चालतं’ असे लिहिले की घड्याळ निम्मे हाती लागते. म्हणून या ओळींत मी लिंग दाखवणारे एकही रूप येऊ दिले नव्हते. त्यामुळे उत्तर पक्के करण्याची सगळी जबाबदारी ‘काटे’ या एका शब्दावर होती, आणि तो ती नीट पेलत होता. गुलाबाचा उल्लेख केवळ दिशाभूल करण्यापुरता आणि थोडासा लाडिकपणा आणण्यापुरता होता.

मी आराखडा देताना प्रत्येक ग्राहकाला बजावते की ओळींत बदल करायचा असेल तर आधी मला दाखवा. कोड्याची ओळ बदलणे आणि शुभेच्छापत्राची ओळ बदलणे यांत फरक असतो, हे मात्र लोकांना काही केल्या पटत नाही. याने तो संदेश पाठवला आणि पाठवून झाल्यावर मला अभिमानाने दाखवला. पहिली ओळ आता “हात आहेत, मिठी नाही” अशी झाली होती. प्रेमात काटे कशाला, असे त्याचे म्हणणे पडले. जवळिकीचा शब्द समोरच्या व्यक्तीने आधी वापरल्याशिवाय आपण वापरायचा नाही, हा माझा दुसरा नियमही त्याने त्याच एका फटक्यात मोडला होता.

तिचे उत्तर बराच वेळ आले नाही. मग आले ते असे: “टेबल क्रमांक 7. पंखा मीच लावते, हेही तुला माहीत आहे?”

ते वाचून मी थक्क झाले. काटे गेल्याबरोबर त्या ओळी पंख्याला तंतोतंत लागू पडत होत्या. पाती म्हणजे हात, त्याच्या फेऱ्या, आणि ती जागेवर असेपर्यंत फिरणारा, ती गेली की बंद होणारा तिच्या नेहमीच्या टेबलावरचा पंखा. कोड्याला दुसरे उत्तर निघाल्याचे ओळखण्याची खूण हीच की उत्तर चुकीचे असूनही सोडवणाऱ्याच्या मनात शंका नसते. तिला शंका नव्हती. तिच्या मनात प्रश्न होता, आणि तो कोड्याविषयी नव्हता.

त्याला तो संदेश खट्याळ वाटला. मला तो दोन्ही प्रकारे वाचता येत होता. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते ही गोष्ट सुखावह असते, आणि कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवते ही गोष्ट अजिबात नसते. लिहिलेल्या ओळीत या दोहोंमधले अंतर फार थोडे असते. ‘चुकलं, पुन्हा वाच’ असे कळवणे अशा वेळी सर्वांत वाईट, कारण तिने मोकळेपणाने विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तरच नव्हते. पुढचे कोडे पाठवून देणेही तितकेच वाईट, कारण मग प्रश्न टाळल्यासारखा दिसला असता.

मी त्याला विचारले की पंख्याची गोष्ट तुम्हांला खरोखर ठाऊक होती का. तो म्हणाला, “मॅडम, होती ना. ती आली की आधी पंखा लावते आणि मग पिशवी ठेवते. समोरच बसतो मी, दिसतंच.” तेवढ्या आधारावर मी हा मजकूर तयार केला आणि त्याने तो जसाच्या तसा पाठवला:

“समोरच बसतो, त्यामुळे दिसतं. नको वाटत असेल तर खेळ इथेच थांबवू, अगदी मनापासून. हवा असेल तर तुझ्या टेबलावरून दिसणाऱ्या घड्याळात किती वाजले ते कळव.”

यात तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर होते, बाहेर पडण्याची वाट होती आणि मागही पुन्हा घड्याळावर येत होता. तिने थांबायचे ठरवले असते तर आम्ही पुस्तक गुपचूप काढून घेऊन निघून जाणार होतो. उत्तर आले: “अकरा वीस. थांबवू नकोस.”

शेवटच्या कोड्यात प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर घ्यायचे होते.

“कधीचं सांगायचं राहिलंय,
पानामागे पान उलटलंय,
टळत आलं, आता नाही.
वरच्या ओळी कुठून सुरू होतात ते बघ, आणि तिथे तुझ्या नावाच्या पहिल्या अक्षराचा खण उघड.”

या प्रकाराला फार वेळ लागत नाही, फक्त ओळी आखूड ठेवाव्या लागतात, म्हणजे फोनच्या अरुंद पडद्यावर त्या तुटून भलतेच अक्षर ओळीच्या आरंभी येत नाही. तिने कपाट शोधले, खण उघडला आणि थोड्या वेळाने चिठ्ठीचे छायाचित्र पाठवले. रकान्यात पेन्सिलीने पुढच्या आठवड्यातली तारीख लिहिलेली होती.

एरवी माझे काम इथे संपते. पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तिला सर्व कोड्यांत पंख्याचे कोडे सर्वांत आवडले होते, आणि ते मुद्दाम तसे रचले होते का, असे तिने त्याला विचारले होते. तो “हो” म्हणाला होता.

तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. ओळी दुसऱ्याने लिहून देण्यात मला आजवर कधी गैर वाटलेले नाही. कोडे ही कारागिरी आहे, आणि कोणाची तरी मदत घेतल्याचे बहुतेक ग्राहक पुढे आपणहून सांगतात. इथे मात्र तिला जे भावले ते मी रचलेले नव्हते आणि त्यानेही रचलेले नव्हते. ते तिने स्वतःच्या बुद्धीने एका बिघडलेल्या कोड्यातून काढले होते. त्याचे श्रेय त्याने घेतले, आणि तेही तिने सरळ विचारल्यावर. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पंखा लावण्याची तिची सवय त्याने खरोखरच टिपलेली होती. मला त्या सवयीचा पत्ताही नव्हता, आणि ती सवय खरी नसती तर माझा तो दुरुस्तीचा संदेश उभाच राहिला नसता. त्याच्या त्या “हो”मध्ये खरे किती होते, हे मला ठरवता येत नाही.

ठरलेल्या तारखेपूर्वी तिला खरे सांगून टाका, असा सल्ला मी त्याला दिला. त्याला तो पटला, आणि लगेच त्याने विचारले की तेवढा मजकूर मी लिहून देईन का, त्याचे वेगळे पैसे द्यायला तो तयार आहे. मी नाही म्हटले. काल रात्री त्याने स्वतः लिहिलेला मसुदा मला पाठवला आहे आणि निदान एकदा नजरेखालून घालावा अशी विनंती केली आहे. तो मी अजून उघडलेला नाही.