आमची वाटचाल: साकवापासून समुद्राच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि मधला 24 लाखांचा बाँड

आमची भागीदारी फर्म रत्नागिरी जिल्ह्यात साकव, पाखाड्या आणि गावरस्ते करत मोठी झाली. त्यानंतर समुद्राकाठच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं 4 कोटी 80 लाखांचं काम मिळालं. तोवर पुरं केलेलं आमचं सगळ्यात मोठं काम 3 कोटी 10 लाखांचं होतं. स्वीकृतीपत्र हाती आलं, त्यात 5 टक्के, म्हणजे 24 लाखांची कामगिरी सुरक्षा, म्हणजे काम नीट पुरं होईल याची हमी, मागितली होती.

आजवर यासाठी बँक गॅरंटी द्यायचो. पण तिच्यासाठी एफडी अडकते, शिवाय बँकेने दिलेलं कर्जाचं लिमिटही खाल्लं जातं. समुद्रातलं काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात होतं. दगड, डिझेल, पोकलेनचं भाडं यांना पैसा लागतो तोही तेव्हाच. निविदेत विमा कंपनीचा शुअरिटी बाँड, म्हणजे ठेकेदार चुकला तर काम देणाऱ्या विभागाला रक्कम देण्याची कंपनीची लेखी हमी, चालेल असं लिहिलं होतं. विमा नियामकाने 1 एप्रिल 2022 पासून हा मार्ग खुला केला, केंद्राच्या वित्तीय नियमांतही तो त्याच वर्षी आला. म्हणून आम्ही विमा कंपनीकडे अर्ज केला.

अर्जासोबत तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, आयकर आणि जीएसटी विवरणपत्रं, बँकेचं मंजुरीपत्र, स्वीकृतीपत्र आणि हातातल्या कामांचा तक्ता दिला. आम्हाला वाटत होतं, नफा बघतील. विमा कंपनीत जोखीम तपासणाऱ्या अंडररायटर मॅडमनी नफ्यावर एक नजर टाकली आणि थेट चालू मालमत्तेकडे वळल्या.

आमची चालू मालमत्ता 210 लाख होती: येणी 118, दगड-सिमेंट-सळईचा साठा 36, बँकेत 26 आणि भागीदाराच्या भावाला होमस्टेसाठी दिलेले 30. चालू देणी 105. म्हणजे कागदावर खेळतं भांडवल 105 लाख. मॅडम म्हणाल्या, “घरच्यांना दिलेले पैसे साइट अडल्यावर उपयोगी पडणार नाहीत,” आणि 30 वगळले. नव्वद दिवसांवर गेलेली 22 लाखांची येणी वगळली. साठा अर्ध्या किमतीला धरला, म्हणजे आणखी 18 गेले. उरले 35 लाख. त्यांच्याकडचा ढोबळ ठोकताळा असा, की खऱ्या खेळत्या भांडवलाच्या दहापट कामं एका वेळी पेलावीत. आमची मर्यादा आली साडेतीन कोटी, आणि बंधारा एकटाच 4 कोटी 80 लाखांचा. त्यात हातातल्या कामांचे 2 कोटी 10 लाख बाकी, म्हणजे एकूण गरज 6 कोटी 90 लाखांची.

भावाने 30 लाख परत केले आणि ते बँकेत जमा झाले. भांडवल 65 वर गेलं, मर्यादा साडेसहा कोटी. तरीही थोडं कमीच. उरलेला प्रश्न त्या 22 लाखांच्या जुन्या येण्यांचा होता. ते बिल वादात नव्हतं, निधी नसल्याने थांबलं होतं. एमबीतल्या, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीतल्या, नोंदीची आणि पास झालेल्या बिलाची प्रत विभागाच्या पत्रासह जोडल्यावर ते धरलं गेलं. 87 लाख झाले आणि मर्यादा 8 कोटी 70 लाखांवर गेली. थकलेल्या प्रत्येक बिलामागचा कागद जपावा, असं मी तेव्हापासून धंद्यातल्या मुलांना आवर्जून सांगतो.

दरावरही बारीक चौकशी झाली. दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदारापेक्षा आमचा दर 6 टक्क्यांनी कमी होता. फरक फार मोठा असेल तर काही धरायचं राहिलं का, अशी शंका घेतात. दगडाचं खाणीपासूनचं अंतर, ओहोटीत मिळणारे कामाचे तास आणि पावसाळ्यातली बंदी यांचा दर-तपशील आम्ही मांडला. हातातल्या कामांच्या तक्त्यातही त्यांनी झालेल्या बिलापेक्षा काम संपवायला अजून किती खर्च आहे हा रकाना जास्त तपासला. जिथे बिल पुढे आणि काम मागे असतं, तिथे पुढच्या कामाचा पैसा मागच्या कामाला लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

बाँडचा मसुदा विभागाच्या नमुन्याशी शब्दशः जुळवून घेतला: विनाअट, आणि मागणी होताच रक्कम देणारा. मुदत दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष आम्हीच दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावर आणखी 60 दिवस.

आमच्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं, विमा आहे म्हणजे नुकसान कंपनी सोसेल. तसं नाही. हा बाँड विभागाला संरक्षण देतो, आपल्याला नाही. कंपनीने 24 लाख भरले तर ते ती आपल्याकडूनच वसूल करते, आणि त्यासाठी नुकसानभरपाईच्या करारावर दोन्ही भागीदारांची वैयक्तिक हमी घेते. सही करण्याआधी आम्ही तो करार दोन्ही घरच्यांसमोर वाचला.

बाँड जमा झाला, कार्यारंभ आदेश मिळाला आणि ऑक्टोबरात पहिला दगड पडला. हातातल्या कामांचा तक्ता आता आमचा सीए दर तिमाहीला विमा कंपनीकडे पाठवतो.