अंबाबाई आणि वजा चिन्ह

दहावीच्या पर्यवेक्षकाचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं तीन तास नुसतं फिरायचं नसतं. खरी घाई पहिल्या अर्ध्या तासात. साडेदहाला मुलं वर्गात येतात, त्याआधी झडती. मग हॉलतिकिटावरचा फोटो बघून चेहरा ताडायचा, बैठक क्रमांक जुळवायचा, उत्तरपत्रिका वाटायच्या, बारकोडचं स्टिकर ज्याचं त्यालाच जातंय ना हे बघायचं आणि सह्या घ्यायच्या. मग पंचवीस प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट मुलांसमोर फोडायचं. सील शाबूत होतं म्हणून दोन मुलांच्या सह्या घ्यायच्या. सगळं घड्याळाशी बांधलेलं.

त्या दिवशी गणित भाग १ होता, म्हणजे बीजगणित, चाळीस गुणांचा. केंद्र कोल्हापुरातलंच, नाव सांगत नाही. उत्तरपत्रिका वाटून झाल्या होत्या, पाकीट अजून बंद होतं. तिसऱ्या बाकावरच्या मुलानं हॉलतिकिटाचं प्लॅस्टिक पाकीट उघडलं आणि त्यातून कुंकू सांडलं, थेट उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर. पुसायला गेला तर आणखी पसरलं.

हे दिसतं तेवढं साधं नाही. उत्तरपत्रिकेवर नाव, देवाचं नाव, खूण, परीक्षकाला विनंती यातलं काहीही चालत नाही, कारण त्यावरून पेपर कुणाचा ते ओळखता येतं. लाल डाग म्हणजे खूणच, असं तपासणाऱ्यानं म्हटलं तर भांडायचं कुणाशी? बारकोड अजून चिकटवला नव्हता म्हणून बरं. उत्तरपत्रिका बदलून दिली आणि हिशेबाच्या तक्त्यात तशी नोंद केली. तेवढ्यात कुंकवाच्या पुडीमागून चौघडी कागद खाली पडला.

उचलला. कारखान्यातल्या जॉबकार्डाची पाठ होती, कोपऱ्यात तेलकट बोटाचा ठसा. अक्षर मोठ्या माणसाचं, दाबून लिहिलेलं:

‘॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥ आई, माझं पोरगं आज पेपरला बसतंय. लई मार्क दे म्हणत न्हाई. जेवढं येतंय तेवढं हातातनं उतरू दे. सूत्र लिहिताना b च्या आधीचं वजा चिन्ह गाळतंय, ते गाळू देऊ नको. b वजा असला की −b अधिक होतो, हे त्याला घरात कळतंय, पेपरात कळत न्हाई. श्रेढीत n−1 च्या जागी n घालतंय. घड्याळ बघितलं की हात थरथरतो त्याचा, तेवढा धर. परवा मी त्याला लागट बोललो, ते त्याच्या डोक्यातनं काढ.’

आता हे काय धरायचं? पहिल्या ओळी प्रार्थना. मधल्या तीन ओळी वर्गसमीकरण आणि अंकगणिती श्रेढी, म्हणजे त्याच पेपरचा अभ्यासक्रम. विषयाशी संबंधित लिखाण जवळ सापडलं की शिक्षासूची लागू, आणि त्यात ‘संपादणूक रद्द’ हे शब्द असतात. शेजारच्या वर्गातले सर दारात आले होते. वाचून म्हणाले, ‘सूत्र आहे नव्हं? मग कॉपी. देवाच्या नावानं काय झालं?’ हे सर एरवी स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी नारळ फोडायला सगळ्यात पुढे.

केंद्रसंचालकांना बोलावलं. त्यांनी मला एकच विचारलं, ‘पाकीट फोडलंय का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी कागद खिशात ठेवला. प्रश्नपत्रिका हातात पडायच्या आधी जे बाहेर काढलं ते झडतीत निघालं असं धरायचं, पेपर संपल्यावर परत द्यायचं. मुलाला म्हणाले, ‘बस बाळ, पाणी पी.’ मंडळाची परिपत्रकं या माणसाला पाठ आहेत, म्हणूनच त्यातली फट त्यांना दिसते. नुसता दयाळू माणूस असता तर घाबरून अहवाल लिहून मोकळा झाला असता. पाऊण तासानं भरारी पथक येऊन बाकं तपासून गेलं. ते आधी आलं असतं तर त्या मुलाचं काय झालं असतं, हे सांगायला नको.

मला अजून छळतंय ते वेगळंच. वर अंबाबाई नसती, नुसती ती तीन ओळींची चिठ्ठी असती, तर मी केंद्रसंचालकांना बोलावताना कोणत्या सुरात बोललो असतो? वेळ तीच, नियम तोच. पण सूर नक्की वेगळा असता.

आणि दुसरं, त्या बापानं पकडलेली चूक. मी वर्षानुवर्षं गणित शिकवतो, ही चूक हमखास दिसते. x² − 2x − 3 = 0 घ्या. b आहे −2, म्हणून −b झालं 2. विवेचक b² − 4ac म्हणजे 4 + 12 = 16, वर्गमूळ 4. मुळं येतात 3 आणि −1. आता पोरानं सूत्रातलं वजा गाळलं आणि 2 च्या जागी −2 धरले, तर उत्तर येतं 1 आणि −3. बघा, किती स्वच्छ आकडे! विवेचकातच चूक झाली असती, (−2)² चे −4 केले असते, तर 8 चं वर्गमूळ आलं असतं आणि पोरगं थबकलं असतं. इथं फक्त दोन्ही मुळांची चिन्हं उलटतात. उत्तर देखणं दिसतं म्हणून कुणी मागे वळून बघत नाही.

याला उपाय ताळा. मुळांची बेरीज −b/a यायला हवी, इथं 2. 3 आणि −1 ची येते, 1 आणि −3 ची −2 येते. दहा सेकंदांचं काम. पण आम्ही शिक्षक सूत्र पाठ करून घेतो आणि ताळा ‘वेळ उरला तर’ वर ढकलतो. पूर्वपरीक्षेच्या पेपरावर त्या पोराच्या शिक्षकांनी लाल फुली मारून गुण कापले असणार. फुली कशासाठी, हे बापानं शोधलं.

पेपर सुटल्यावर तो गेटवर उभा होता, कामाचाच शर्ट. उद्यमनगरात लेथवर आहे म्हणाला. झालेला प्रकार सांगितला तसा पांढराफटक पडला, पोराकडं बघितलं, मग कागद उलगडला. मला वाटलं आता माफी मागेल. त्यानं बोट ठेवून विचारलं, ‘सर, हे चिन्हाचं मी बरोबर लिवलंय न्हवं? पूर्वपरीक्षेच्या पेपरावरनंच काढलंय.’

बरोबर होतं. ताळा कसा करायचा तेही सांगितलं. पोरगं म्हणालं, ‘ते आम्हाला नाही सांगितलं.’ सांगितलं असेल, शेवटच्या तासाला.

‘आता भूमितीला काय घालू?’ बापानं विचारलं. मी पोराला विचारलं, कुठं जातात गुण. समरूप त्रिकोण लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम चुकतो म्हणाला. ABC ला PQR संगत असताना QPR लिहितो, मग बाजूंची गुणोत्तरं चुकतात.

बापानं खिशातून पेन काढलं. मी म्हटलं, ‘लिहा, पण देवळात ठेवा किंवा घरात. पाकिटात नको.’

‘व्हय,’ म्हणाला, आणि गेटच्या खांबावर कागद टेकवून लिहायला लागला. पोरगं खाली मान घालून त्याला सांगत होतं, कोणतं अक्षर कोणत्या अक्षराखाली.