आज तिने डोळे मिटले नाहीत

आठवीत ३२ पोरं. तालुक्याला व्हॉलीबॉल खेळलेली आहेत, अन् चेंडू आला की डोळे मिटणारीही. आज मैदानावर चुन्याने सरावाची चार स्टेशनं आखली, प्रत्येकी आठ जण, सात मिनिटं, मग शिट्टी.

मागच्या आठवड्यात मी कच्च्या पोरांचं वेगळं स्टेशन केलं होतं. चुकलंच ते. पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं ते कोणाचं. म्हणून आज गट मिसळलेले अन् प्रत्येक स्टेशनवर तीन रेषा: दोन, चार, सहा मीटर. रेषा ज्याची त्याने निवडायची.

अंडरहँड पासच्या स्टेशनवर एक मुलगी म्हणाली, "सर, मले नाही जमत." तिथं स्टेप ही पद्धत कामी आली, चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची: स्पेस, टास्क, इक्विपमेंट, पीपल. म्हणजे जागा, काम, साहित्य, सोबती. एका वेळी एकच बदलायचं, नाहीतर कशानं जमलं ते कळत नाही. आधी जागा बदलली, तिला दोन मीटरवर आणलं. डोळे मिटलेलेच. म्हणजे अडचण अंतराची नव्हती, चेंडूच्या माराची होती. मग अंतर तेच ठेवून हलका प्लास्टिकचा चेंडू दिला. दहापैकी सात पास मनगटाच्या वर, बाहूंवर बसले, डोळे उघडे.

तिकडे तालुक्याच्या खेळाडूला सहा मीटरवरून जमिनीवरच्या रिंगमध्ये पास टाकायला लावला. दहापैकी चार. पहिल्यांदाच तो घामाघूम झाला.

उद्या तिला खरा चेंडू द्यायचा, पण थोडी हवा काढून. अंतर दोनच मीटर.