जोडीदार, पण दोस्त नाही

जळगावात मी वकिलांसाठी मराठी कागदपत्रांचा इंग्रजी अनुवाद करतो. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात जायचं असलं की जबाब, पंचनामे माझ्याकडे येतात. त्या दिवशी आलेला जबाब जेमतेम पाऊण पानाचा होता. त्यातल्या एका वाक्यापाशी मी दुपारभर अडकलो: “नमूद आरोपी हा माझा साथीदार असून आम्ही दोघे नेहमी सोबत असतो.”

जबाब देणारा अमळनेरकडचा हमाल. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण गोदामातली दादर ज्वारीची पोती चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला होता. हा तेव्हा नुसता साक्षीदार होता. पण या वाक्यामुळे संशय त्याच्यावर आला, सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन नाकारला गेला आणि आता वर अर्ज करायचा होता.

‘साथीदार’चं मूळ निर्मळ आहे. ‘साथ’ आला ‘सार्थ’वरून, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. एका वाटेने चालणारे ते साथी. पण पोलिसी मराठीत आणि बातम्यांत ‘आरोपी व त्याचे साथीदार’ हे इतक्या वेळा येतं की शब्दालाच गुन्ह्याचा वास लागलाय. मी सवयीने ‘अकॉम्प्लिस’ लिहून टाकलं असतं, तर इंग्रजी वाचणाऱ्या न्यायमूर्तींसमोर या माणसाने स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं.

वकीलसाहेब त्याला घेऊनच आले होते. मी विचारलं, “भाऊ, तुम्ही पोलिसांना नेमकं काय सांगितलं?”

“तो मना जोडीदार शे, आशे सांगं मी. पोतं उचलाले दोन माणसे लागतस.”

क्विंटलाचं पोतं पाठीवर द्यायचं तर दुसऱ्या टोकाला धरणारा तो जोडीदार. तो उशिरा आला तर याचीही मजुरी बुडते, म्हणून दोघे नेहमी सोबत. मी मुद्दाम विचारलं, “म्हणजे दोस्त?”

“नही. दोस्तले मननी गोट सांगतस. जोडीदारले वझाना अंदाज सांगतस.”

इतकी स्वच्छ रेघ मला कुठल्या कोशात सापडली नव्हती. जोडीदार कामाने बांधलेला, सोबती वाटेपुरता, दोस्त मनाने जवळचा, आणि ज्याच्यापाशी गुपित ठेवता येतं तो जिवलग. इंग्रजीतही अशीच उतरंड आहे. ‘अ‍ॅलाय’चं मूळ लॅटिनमध्ये बांधण्यात आहे, त्यात हेतू एक असतो, माया असेलच असं नाही. ‘पाल’ म्हणजे आपला यार, सलगीचा, अर्जात शोभणार नाही असा. ‘कॉन्फिडंट’ म्हणजे ज्याला गुपित सांगावं तो, त्याच्या मुळाशी विश्वास आहे, आणि तोच तर हा माणूस नाकारत होता. जोडीदाराला ‘फ्रेंड’ म्हटलं असतं, तरी त्याला चोरीचा बेत ठाऊक असणार असं कुणीही म्हटलं असतं.

पण माझ्या हाताला मर्यादा आहे. जे लिहिलंय त्याचाच अनुवाद करायचा. जे बोललं गेलं असेल त्याचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात आणि कलम 181 प्रमाणे त्यावर त्याची सही घेत नाहीत. अहिराणीत बोललेलं प्रमाण मराठीत, तेही ठाण्याच्या ठरलेल्या साच्यात उतरतं. ‘जोडीदार’चा ‘साथीदार’ तिथेच झाला होता. लिहिणाऱ्याच्या मनात काळंबेरं असेल असं मला वाटत नाही; साच्यात तोच शब्द तयार होता.

“जेवता एकत्र?” मी विचारलं.

“भाकर संगेच खातस ना.”

तिथे मला शब्द मिळाला. ‘कम्पॅनियन’ लॅटिनमधून आलाय, त्याचा मूळ अर्थच एकत्र भाकरी खाणारा. सोबत असणं तो सांगतो, पण मनातलं ठाऊक असणं वा गुन्ह्यात हात असणं सांगत नाही. आणि ‘साथीदार’च्या मूळ अर्थालाही धरून आहे. मी तो लिहिला. खाली अनुवादकाची टीप दिली, की मूळ शब्द ‘साथीदार’ आहे, त्याचा साधा अर्थ बरोबर असणारा, आणि गुन्ह्यातला सहभागी हा अर्थ संदर्भाने येतो. ‘जोडीदार’ मात्र टीपेत घातला नाही. तो कागदावर नव्हताच. तो शब्द अर्जदाराने स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात, पोतं कसं उचलतात त्यासकट सांगावा, असं वकीलसाहेबांना सुचवलं. त्यांनी तसं केलं, आणि पुढे त्याला जामीन मिळाला. निकाल त्या शब्दामुळे लागला असा माझा दावा नाही. त्याच्याकडे काही सापडलंही नव्हतं.

निघताना तो दारात थांबला. वकीलसाहेबांना म्हणाला, सोमवारी लवकर सोडा, जोडीदाराच्या बायकोला हप्त्याचे पैसे पोचवायचेत. तो आत गेल्यापासून हा आपल्या मजुरीतून देत होता.

“तुम्ही तर दोस्त नाही म्हणालात,” मी म्हटलं.

“नहीच शे,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.